पोटभर पहारा

भाची शेजारी बसून मोबाइलवर मीरकॅटचा, म्हणजे मुंगसाच्या कुळातल्या एका छोट्या प्राण्याचा, व्हिडिओ बघत होती. मुलं बघतात तसा, आवाज मोठा करून आणि अर्धं लक्ष दुसरीकडे ठेवून. वाळलेल्या झुडपाच्या शेंड्यावर एक मीरकॅट मागच्या दोन पायांवर ताठ उभा होता. पुढचे पाय पोटावर सैल सोडलेले, शेपटीचा मागे टेकू, आणि मान सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारी. खाली बाकीची मंडळी वाळू उपसण्यात गर्क. मग वरचा गडी उतरला, खाली येऊन इतरांसारखाच उकरायला लागला, आणि थोड्याच वेळात दुसराच कुणीतरी पलीकडच्या ओंडक्यावर चढून तसाच उभा राहिला. भाचीनं विचारलं, "मामा, त्याची पाळी संपली हे त्याला कुणी सांगितलं? आणि दुसऱ्याला तरी कुणी सांगितलं की आता तू जा?" मी तोंड उघडेपर्यंत ती पुढच्या व्हिडिओवर पोचलीही होती. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला, आणि बरेच दिवस राहिला.

कारण प्रश्न वाटतो तितका लहान नाही. 'मीरकॅट पाळीपाळीनं पहारा देतात' हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं, आणि ते ऐकताना मनात आपोआप एक तक्ता तयार होतो. कुणीतरी नेमणारा, कुणीतरी नेमलेला, चुकारपणा करणाऱ्याला कुणीतरी झापणारा. शिवाय त्या उभ्या राहण्यात एक रुबाब असतो. सगळे खात असताना एकटा उपाशी उभा आहे, उघड्यावर आहे, घार-गरुडाच्या नजरेत पहिला तोच भरणार. बघणाऱ्याच्या मनात कौतुक दाटून येतं. जीवशास्त्रज्ञांच्याही आलं होतं, फक्त त्यांनी त्याला वेगळी नावं दिली. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलं होतं की नातलगांसाठी केलेला त्याग उत्क्रांतीत टिकू शकतो, कारण नातलगांमध्ये आपलीच जनुकं असतात. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये परतफेडीचा हिशेब मांडला: आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. मीरकॅटचा पहारा या दोन्ही चौकटींत अगदी व्यवस्थित बसत होता. कळपात बहुतेक एकमेकांचे सख्खे-चुलत, आणि पाळ्या तर डोळ्यांना दिसतच होत्या.

ते प्रत्यक्ष तपासायचं ठरलं तेव्हा मात्र कलहारीच्या वाळूत वर्षानुवर्षं बसावं लागलं.

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात कुरुमन नावाची नदी आहे. नदी म्हणायचं, एरवी तिचं पात्र कोरडंच. त्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या टिम क्लटन-ब्रॉक यांनी १९९३ मध्ये मीरकॅटचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, आणि तो पुढे कित्येक पिढ्या चालू राहिला. मीरकॅटच्या पिढ्या म्हणतोय मी, पण संशोधक विद्यार्थ्यांच्याही म्हटलं तरी चालेल. पहिलं काम होतं कळपांना माणसाची सवय लावण्याचं. ती इतकी लागली की मीरकॅट संशोधकांच्या पायांशी उकरत बसतात, आणि सपाट माळावर उंच काही नसेल तर चक्क माणसाच्या खांद्यावर, डोक्यावर चढून टेहळणी करतात. प्रत्येकाच्या अंगावर केसांना रंगाचा एखादा ठिपका लावलेला असतो, त्यामुळे कोण वर आहे आणि कोण खाली हे लांबूनही ओळखता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन. सकाळी बिळातून बाहेर आल्यावर, दुपारी आणि संध्याकाळी हे प्राणी उकडलेल्या अंड्याच्या चुऱ्यासाठी स्वतःहून तराजूवर चढतात. जेमतेम पाऊण किलोच्या आसपास भरणारा प्राणी, पण सकाळपासून त्यानं किती खाल्लं हे त्या तराजूमुळे ग्रॅममध्ये कळतं. मला वाटतं, या सगळ्या गोष्टीतलं खरं पात्र तो तराजूच आहे. त्याच्याशिवाय आपण सगळे अजून त्या रुबाबाचंच कौतुक करत बसलो असतो.

पहारा का लागतो, हे समजण्यासाठी मीरकॅट खातो कसा ते नीट बघायला हवं. त्याचं अन्न जमिनीवर पसरलेलं नसतं. भुंग्यांच्या अळ्या, विंचू, लहान सरडे, सगळं वाळूच्या आत. तो वास घेत फिरतो, एका जागी थांबतो, आणि पुढच्या पायांच्या लांब नख्यांनी इतक्या वेगानं खणतो की मागे वाळूचा फवारा उडत राहतो. खड्डा खोल होत जातो तसं डोकं आत जातं, मग खांदे, कधीकधी तर बाहेर फक्त ढुंगण आणि शेपटी उरते. त्या क्षणी त्याला काहीही दिसत नाही. वर मार्शल गरुड घिरट्या घालत असेल, बाजूच्या गवतात कोल्हा दबून बसला असेल, त्याच्या लेखी जग म्हणजे नाकासमोरची वाळू. दर थोड्या वेळानं डोकं काढून बघावं तर हातातोंडाशी आलेली अळी आणखी खाली सरकते. बघायचं की खायचं, हा पेच त्याला दिवसभर पडलेला असतो. दोन्ही एकदम करता येत नाही.

वर कुणी उभं असलं की हा पेच सुटतो. आणि वर कुणी आहे हे कळण्यासाठी खालच्यांना डोकं वर काढावं लागत नाही, कारण पहारेकरी गप्प उभा राहत नाही. तो मधूनमधून हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत असतो. मार्टा मान्सर या संशोधिकेनं हे आवाज ध्वनिमुद्रित करून, पहारेकरी नसताना खणणाऱ्या मीरकॅटना ऐकवले. तेवढ्यानं त्यांचं स्वतःहून मान वर करून बघणं कमी झालं. पुढे रमोना राउबर आणि मान्सर यांनी २०१७ मध्ये दाखवलं की हे पुटपुटणं एकसुरी नसतं. त्यात सहा वेगवेगळे आवाज ओळखता येतात. काही 'सगळं ठीक आहे' अशा अर्थाचे, तर काही सावध करणारे. ठीक असल्याचा आवाज आला की खालचे निवांत खणतात, सावधगिरीचा आला की मान वर येते. प्रत्यक्ष शत्रू दिसला तर मग वेगळीच कर्कश हाक, आणि तीही आकाशातल्या शत्रूसाठी एक, जमिनीवरच्यासाठी दुसरी. मला यातला नेहमीचा, काहीच घडत नसतानाचा आवाज जास्त आवडतो. धोका नाही हे सांगत राहणं हेसुद्धा एक काम असू शकतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

बरं, मग वर जायचं कुणी?

१९९९ मध्ये क्लटन-ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात त्यागाच्या कल्पनेला एकामागून एक धक्के होते. पहिला धक्का: पहारा धोक्याचा नाहीच. २००० तासांहून अधिक निरीक्षणात पहाऱ्यावरचा एकही मीरकॅट शिकाऱ्याला बळी पडताना दिसला नाही. नीट विचार केला तर यात नवल नाही. वर उभा असलेल्याला शत्रू बहुतेकदा सगळ्यांत आधी दिसतो. शिवाय पहाऱ्याची जागा बिळाच्या तोंडाजवळ असण्याकडे कल असतो. कळपाच्या मुलखात अशी पळून शिरायची बिळं शेकड्यांनी विखुरलेली असतात, त्यामुळे हाक देऊन तो स्वतःच बहुधा पहिल्यांदा आत असतो. मागे राहतो तो खड्ड्यात डोकं घालून बसलेला. आपण ज्याला उघड्यावर एकटा पडलेला समजत होतो, तोच सगळ्यांत सुरक्षित जागी होता.

दुसरा धक्का नात्याचा. पहारा नातलगांसाठीचा त्याग असता, तर कळपाशी रक्ताचं नातं नसलेले, बाहेरून आलेले नर त्यात अंग चोरताना दिसायला हवे होते. तसं दिसलं नाही. आणि ज्यांना कळपच उरलेला नाही असे एकटे भटकणारे मीरकॅट, तेसुद्धा खाता खाता थांबतात, उंचावर चढतात, चौफेर बघतात आणि पुन्हा खाली येऊन खणायला लागतात. कुणासाठी? तिथं तर ऐकायलाही कुणी नाही. परतफेडीचा हिशेबही इथंच कोलमडतो, कारण फेडणारा कुणीच नाही. आणि ठरलेला तक्ता म्हणाल तर कळपांतही सापडला नाही. अमक्यानंतर तमका असा क्रम नाही, सक्ती नाही, चुकारांना शिक्षा नाही.

मग संशोधकांनी उकडलेलं अंडं पुढे केलं. काही मीरकॅटना सकाळी नेहमीपेक्षा जास्त खाऊ घातलं आणि ते दिवसभर काय करतात ते पाहिलं. ज्यांना अंडं मिळालं ते जास्त वेळा पहाऱ्याला चढले आणि जास्त वेळ वर थांबले. तराजूनंही तेच सांगितलं. ज्यांचं वजन चांगलं वाढलेलं असे, ते पहाऱ्यावर अधिक दिसत. म्हणजे 'जा' असं सांगणारं कुणी असेलच तर ते पोट.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला किंचित वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त मजा वाटली. वाईट अशासाठी की एक सुंदर चित्र हातातून गेलं. मजा अशासाठी की भाचीच्या प्रश्नाचं उत्तर तक्त्यापेक्षा कितीतरी चतुर निघालं. त्यातलं गणित पीटर बेडनेकॉफ यांनी १९९७ मध्येच, म्हणजे कलहारीचे हे निष्कर्ष यायच्या दोन वर्षं आधी, कागदावर मांडून ठेवलं होतं. ते आकडेमोडीशिवायही समजतं. समजा सकाळची वेळ आहे आणि तीन मीरकॅट खणतायत. रात्रभर बिळात काढल्यामुळे तिघंही भुकेले. पहिल्याला सुरुवातीलाच एक जाड अळी मिळाली, पाठोपाठ विंचू मिळाला. आता त्याच्या दृष्टीनं पुढच्या अळीची किंमत उतरली. भुकेल्याला जी अळी जीव की प्राण, ती भरल्या पोटी असली काय नि नसली काय. पण गरुडाची भीती मात्र पोट भरलं म्हणून कमी होत नाही. मग त्याच्यासाठी सगळ्यांत फायद्याचं काम कोणतं? वर चढून बघणं. तो चढतो. त्याच्या पुटपुटण्यानं बाकी दोघांना आयतं कळतं की कुणीतरी वर आहे. त्यांनीही चढावं का? नजरांची एक जोडी आणि दोन जोड्या यांत फारसा फरक पडत नाही, कारण पहिल्याला जे दिसेल ते हाकेसरशी सगळ्यांना कळणारच. तेव्हा ते खणत राहतात, आणि नेहमीपेक्षा अधिक निर्धास्तपणे खणत असल्यामुळे त्यांचंही पोट भरत जातं. इकडे वरच्याच्या पोटातलं जिरत जातं. एका क्षणी त्याला अळीची किंमत पुन्हा वाटायला लागते, तो उतरतो. आवाज थांबतो. आता खालच्या दोघांपैकी ज्याचं पोट जास्त भरलंय त्याला वर जाणं परवडतं. तो जातो.

झाली पाळी! कुणी नेमली नाही, कुणी मोजली नाही. 'माझं पोट किती भरलंय' आणि 'वर कुणी आहे का' एवढ्या दोनच गोष्टी प्रत्येकाला कळत असल्या की बाहेरून बघणाऱ्याला रीतसर पाळ्या दिसू लागतात. उतरलेला लगेच पुन्हा का चढत नाही, याचंही उत्तर यातच आलं: तो भुकेला म्हणून उतरलाय, आधी खाणार. एकच मीरकॅट मध्ये काही न खाता लागोपाठ दोन पहारे देताना सहसा दिसत नाही, आणि बघणाऱ्याला तो शिस्तीचा भाग वाटतो.

पक्ष्यांतही हेच दिसलंय. आपल्या सातभाईंचे भाऊबंद असलेले अरेबियन सातभाई इस्रायलच्या वाळवंटात असाच पहारा देतात. अमोत्झ झहावी यांचं म्हणणं होतं की हा प्रतिष्ठेचा मामला आहे, पहारा देऊन पक्षी आपला दर्जा मिरवतो. पण तिथंही जादा खाऊ घातलेले पक्षी अधिक वेळ पहाऱ्यावर बसले. झहावींची कल्पना मला आजही आकर्षक वाटते, पण माझं माप पोटाच्या बाजूनं झुकतं.

तरीही, हे सगळं 'स्वार्थ' या एका शब्दात गुंडाळून टाकायला मन तयार होत नाही, आणि त्याला कारण भावनिक नाही. याच प्राण्यांच्या आयुष्यात खरी झीज सोसण्याची एक जागा आहे. पिल्लं जन्मल्यावर पहिले काही आठवडे बिळातच असतात. तेव्हा कळप चरायला निघतो आणि एखादा मीरकॅट पिल्लांपाशी मागे राहतो. पुष्कळदा तो त्यांचा आई-बापही नसतो. तो दिवसभर उपाशी राहतो. याच प्रकल्पातल्या तराजूनं त्याचाही हिशेब ठेवलाय: अशा एका दिवसात राखणदाराचं वजन साधारण १.३ टक्के उतरतं, तर चरायला गेलेल्यांचं वाढतं. कॅमेऱ्याला यात दाखवण्यासारखं काही नसतं. बिळाच्या तोंडाशी एक प्राणी नुसता बसून असतो, मधूनमधून आत डोकावतो. झुडपाच्या शेंड्यावरचा ताठ उभा राहिलेला मीरकॅट भिंतीवरच्या चित्रांत पोचला, आणि जो खरोखर उपाशी बसला त्याचं छायाचित्र कुणी काढत नाही.

पहाऱ्याच्या बाबतीतही पोट हे पूर्ण उत्तर नाही. पीटर सांतेमा आणि क्लटन-ब्रॉक यांनी २०१३ मध्ये दाखवलं की पिल्लं मोठी होऊन कळपाबरोबर बाहेर पडू लागली की मोठ्यांचा पहारा एकदम वाढतो. इतरही वेळी ते दोन पायांवर उभं राहून जास्त बघू लागतात. पिल्लं वेंधळी असतात, अन्नासाठी चिरकत मोठ्यांच्या मागे मागे फिरतात, बीळ कुठं आहे याचा त्यांना पत्ता नसतो. आता निव्वळ स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बघणाऱ्याला पिल्लं असण्या-नसण्यानं काय फरक पडावा? ती चिरकून शत्रूचं लक्ष वेधतात म्हणून मोठ्यांनाही धोका वाढतो, असा युक्तिवाद करता येईल. पण मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो. आपल्या सोयीनं होणारं काम पिल्लांसाठी थोडं जास्त केलं जातं, एवढं मानायला हरकत नसावी.

आणि विश्वासाचं काय? दुसऱ्याच्या आवाजावर डोकं वाळूत घालून बसायचं म्हणजे फसवणुकीला दार उघडं ठेवणं आलंच. कलहारीत त्या दारातून शिरणारा एक पक्षी आहे, कोतवालाच्या कुळातला, दुभंगलेल्या शेपटीचा काळा. तो मीरकॅटच्या कळपामागून फिरतो. शिकारी आला की खराच इशारा देतो, आणि मीरकॅट त्याच्या आवाजावरही पळतात. पण एखाद्या मीरकॅटनं लठ्ठ अळी बाहेर काढलेली दिसली की हा पठ्ठ्या खोटाच इशारा देतो. मीरकॅट अळी टाकून पळतो, पक्षी खाली येऊन ती उचलतो. टॉम फ्लॉवर यांनी हे वर्षानुवर्षं नोंदवलं आहे. मग मीरकॅट त्याचं ऐकणं सोडून का देत नाहीत? कारण त्याचे पुष्कळ इशारे खरे असतात. खोट्या इशाऱ्यात अळी जाते, खरा न ऐकला तर जीव जातो. खणणारे मीरकॅट पहारेकरी वर असतानाही मधूनमधून स्वतः मान वर करतात, ती सवय कधीच पूर्ण सुटत नाही. ती का सुटत नसावी, हे या पक्ष्याकडे बघून पटतं.

पोटावर चालणाऱ्या या व्यवस्थेची खरी परीक्षा होते ती पाऊस दगा देतो तेव्हा. कलहारीत पाऊस उन्हाळ्यात पडतो, आणि तो पडला नाही की वाळूतले किडे आटतात. राउबर, क्लटन-ब्रॉक आणि मान्सर यांनी २०१९ मध्ये दुष्काळातल्या कळपांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात पहारा घटलेला दिसला. वरच्या गणितानं व्हायचं तेच झालं: ज्याचं पोट भरलंय असा कुणी उरला नाही, तर वर जाणं परवडणार कुणाला? शिकारी पाऊस बघून रजेवर जात नाहीत. म्हणजे खणायला जास्त वेळ लागतो, वरून सोबतीला येणारं पुटपुटणं कमी होतं, आणि ते नसल्यामुळे प्रत्येकाला पुन्हा पुन्हा स्वतःचं डोकं वर काढावं लागत असणार, ज्यात खाण्याचा वेळ आणखी जातो. नेमून दिलेला तक्ता असता तर दुष्काळातही कुणीतरी उपाशीपोटी वर उभा राहिला असता, आणि कदाचित तिथंच कोसळला असता. इथं तसं होत नाही. ज्या कळपात सकाळी तराजूवर चढणारा प्रत्येक जण कालच्यापेक्षा हलका भरतोय, तिथं झुडपाचा शेंडा बराच वेळ रिकामा राहतो, आणि त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही.